डिफरन्शियल (मोटारगाडी)

इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटून देणारी, पण त्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची जुळणी. पिकअप किंवा ट्रकखाली वाकून पाहिले तर मागच्या धुऱ्याच्या मधोमध जो गोल फुगवटा दिसतो, त्यात ती असते.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना गाडी अर्धवर्तुळाकार वळण घेते आहे असे समजा. वळणाची त्रिज्या १० मीटर, मागच्या चाकांतले अंतर १.४ मीटर आणि चाकाचा घेर २.२ मीटर धरला, तर आतले चाक सुमारे २९ मीटर चालते आणि बाहेरचे जवळजवळ ३४. म्हणजे दोन फेऱ्यांचा फरक. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असती, तर एकाला फरफटावेच लागले असते.

इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाचे छोटे दातेरी चक्र म्हणजे पिनियन. तो क्राउन नावाच्या मोठ्या दातेरी चक्राला फिरवतो आणि क्राउनला जोडलेला पिंजरा त्याच्याबरोबर फिरतो. पिंजऱ्यातल्या पिनवर छोटे स्टार गिअर असतात. ते दोन्ही बाजूंच्या सन गिअरमध्ये अडकलेले असतात आणि सन गिअरमधून एकेक ॲक्सल चाकाकडे जातो. सरळ रस्त्यावर स्टार गिअर स्वतःभोवती फिरत नाहीत. वळणावर ते पिनवर फिरू लागतात, आणि आतल्या चाकाची जेवढी गती कमी होते तेवढीच बाहेरच्याची वाढते. वरच्या वळणात आतल्याची एक फेरी कमी, बाहेरच्याची एक जास्त.

स्टार गिअर म्हणजे खरे तर तराजूची दांडी: मध्ये ढकलली की दोन्ही टोकांना सारखाच जोर. गोची इथेच आहे. रावेर-यावलकडे पावसाळ्यात केळीने भरलेला पिकअप बागेतून निघतो, एक चाक काळ्या मातीच्या गाळात जाते. ते चाक १०० न्यूटन-मीटरच जोर पेलू शकत असेल, तर कोरड्या जागेवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. कोरडे चाक ढिम्म, गाळातले दुप्पट गतीने गरगरते. रेस देत राहिले तर पिन तापून स्टार गिअर तिला चिकटू शकतो.

यावरचा उपाय म्हणजे एका चाकाचे गरगरणे मर्यादित ठेवणारा लिमिटेड स्लिप प्रकार. त्यात सन गिअरमागे घर्षणाने पकड घेणाऱ्या क्लच प्लेटा असतात. जोर आला की गिअर एकमेकांपासून दूर रेटले जातात, प्लेटा दाबल्या जातात आणि घर्षणामुळे हळू चाकाकडे जास्त जोर जातो. हे प्रमाण अडीचपट असेल, तर कोरड्या चाकाला २५० मिळतात. एकूण २०० ऐवजी ३५०. मात्र चाक पूर्ण अधांतरी असेल, तर शून्याची अडीचपट शून्यच. मग प्लेटांवर स्प्रिंगने आधीच दिलेला दाब असेल तेवढाच उपयोगी. साध्या गाडीत मागच्या चाकांचा हँडब्रेक हलका ओढून गरगरणाऱ्या चाकाला अडवले तरी थोडा फायदा होतो. ड्रायव्हर मंडळींची ही युक्ती शास्त्रशुद्ध आहे.

प्लेटा झिजल्या की हे डिफरन्शियल साध्यासारखेच वागू लागते. पुढची चाके अडवून, मागची दोन्ही जॅकवर उचलून, न्यूट्रलमध्ये त्यातले एक चाक हाताने फिरवावे. दुसरे उलटे फिरले तर डिफरन्शियल साधे किंवा प्लेटा गेलेल्या. त्याच दिशेने फिरले तर प्लेटांची पकड शाबूत. हळू वळताना मागून कटकट येत असेल, तर बहुधा चुकीचे तेल भरले गेले आहे.