स्थायी आणि अंतरा : छोट्या भक्तिबंदिशीमागची पार्श्वभूमी

भक्तिपर छोटी बंदिश बांधायची म्हटली की बहुतेक जण आधी शब्द शोधायला बसतात. शब्द लागतातच, पण बंदिशीचा घाट शब्दांच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. पहिली ओळ पक्की, तिच्याकडे पुन्हा पुन्हा यायचं. दुसरा भाग वेगळा, वरच्या अंगाचा, आणि तोही शेवटी पहिल्या ओळीच्या दारात आणून सोडणारा. हा घाट कुठून आला हे कळलं, तर अंतरा कसा लिहावा हा प्रश्न बराच सोपा होतो.

सुरुवात देवगिरीपासून करावी लागते. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्या काळी बांधलेल्या गीताला प्रबंध म्हणत आणि त्याच्या भागांना धातू. उद्ग्राह म्हणजे गीताचा आरंभ, मेलापक म्हणजे जोडणारा भाग, ध्रुव म्हणजे न ढळणारा, पुन्हा पुन्हा येणारा भाग आणि आभोग म्हणजे समाप्ती. मेलापक आणि आभोग वगळले तरी चालत. उद्ग्राह आणि ध्रुव मात्र हवेतच. ‘अंतर’ हा पाचवा धातू, आणि तो सगळ्या प्रबंधांत नव्हता. सालगसूड नावाच्या गटातल्या गीतांत तो ध्रुव आणि आभोग यांच्या मध्ये येई. मधला म्हणून अंतर. आज आपण अंतरा म्हणतो तेव्हा ‘दुसरं कडवं’ असा अर्थ डोक्यात असतो, पण शब्द सांगतो ते वेगळंच. अंतरा म्हणजे दोन ठिकाणांच्या मधला प्रवास. तो मुक्कामाचा भाग नाही.

या रचनेत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. आरंभ आणि ध्रुव हे तिथे दोन वेगळे धातू आहेत. गीत सुरू होतं एका ओळीवर आणि परत येतं दुसऱ्याच ओळीवर. हे विचित्र वाटत असेल तर तुकारामांची गाथा उघडून पाहावी. बहुतेक अभंगांत पहिल्या कडव्यापुढे ॥१॥ असतं आणि ॥ध्रु.॥ ही खूण दुसऱ्या कडव्यापुढे असते. टाळकरी ज्याला ‘धृपद’ म्हणतात ते हेच. पहिलं कडवं विषय मांडतं, दुसरं घोळवलं जातं. उद्ग्राह आणि ध्रुव यांची जुनी जोडी मराठी माणसाच्या कानात अशी शिल्लक राहिली आहे, असं मला वाटतं.

दरबारी गायनात मात्र हे दोन भाग एकत्र आले. ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमरच्या काळात (१४८६ ते १५१६) ध्रुपदाला बहर आला. ध्रुपदाचे स्थायी, अंतरा, संचारी आणि आभोग असे चार भाग स्थिरावले, त्यात आरंभीची ओळच परतीची ओळ झाली. तिलाच स्थायी म्हणायचं. गाण्याची पहिली ओळ ‘पक्की’ असते ती यामुळे. एकाच ओळीला आता दोन कामं करावी लागतात : पहिल्यांदा कानावर पडताना राग आणि विषय सांगायचा, आणि विसाव्यांदा परत येताना कंटाळवाणं व्हायचं नाही.

अठराव्या शतकात मुहम्मदशाह रंगीलेच्या दरबारात (१७१९ ते १७४८) नियामत खाँ म्हणजेच ‘सदारंग’ यांच्या रचनांनी ख्याल पुढे आला. ख्यालाने संचारी आणि आभोग सोडले, स्थायी आणि अंतरा एवढंच ठेवलं. गवयाला विस्तारासाठी मोकळी जागा हवी होती, त्यामुळे बांधलेला भाग आखडला. पण आभोग गेला तरी त्याचं काम गेलं नाही. रचनाकाराचं नाव, म्हणजे मुद्रा, आभोगात यायची. ‘सदारंग’ ही छाप ख्यालात बहुतेक वेळा अंतऱ्यात सापडते ती म्हणूनच. अंतऱ्यावर अशी दुहेरी जबाबदारी आली. त्याने वर जायचं, वेगळं काहीतरी सांगायचं, आणि गीत पूर्ण झाल्याची खूणही द्यायची. ‘तुका म्हणे’ जे काम शेवटच्या कडव्यात करतं, ते बंदिशीत अंतऱ्याच्या दोन ओळींना करावं लागतं.

महाराष्ट्रात हे गाणं रुजवण्यात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचा मोठा वाटा. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२ ते १९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. घराघरांतली मुलंमुली गाणं शिकू लागावीत ही त्यांची इच्छा होती, आणि पारंपरिक चिजांतले शृंगारिक शब्द त्या आड येत होते. त्यांनी अनेक ठिकाणी चाल ठेवली आणि शब्द भक्तीचे घातले. विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत घराण्यांकडून मिळवलेल्या चिजा स्वरलिपीत छापल्या. त्यामुळे बंदिशीचा सांगाडा कागदावर सगळ्यांना दिसू लागला : कोणत्या मात्रेवर कोणतं अक्षर, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा कुठे, अंतरा कुठून उठतो. आज कुणी घरी बसून बंदिश बांधू शकतो, ते या कागदामुळे.

शब्द बदलून चाल ठेवण्यात एक अडचण असते. ब्रज भाषेतले शब्द सुटे, ऱ्हस्व अक्षरांचे आणि ओढायला सोपे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि जोडाक्षरं फार. ‘तुझ्या’, ‘माझ्या’ असे शब्द समेवर आले की ‘झ्या’वर जीभ अडखळते. ‘संगीत स्वयंवर’च्या (१९१६) पदांना भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा बंदिशीच्या वळणांत मराठी शब्द किती सहज बसू शकतात हे लोकांनी ऐकलं. पण तिथेही नीट पाहिलं तर लांबवायची जागा आली की ‘आ’, ‘ई’ यांसारखे दीर्घ, उघडे स्वर कामाला येतात.

आता हे सगळं एका छोट्या रचनेत कसं उतरतं ते पाहू. राग भूप, ताल त्रिताल, मध्यलय. भूपात पाचच स्वर : सा रे ग प ध. वादी, म्हणजे रागातला सगळ्यात महत्त्वाचा स्वर, गंधार. मुखडा नवव्या मात्रेपासून, म्हणजे त्रितालाच्या खालीपासून उचलायचा. समेपर्यंत आठ मात्रा मिळतात आणि कान समेची वाट पाहू लागतो.

स्थायी : तव चरणी मन रंगले हरी
अंतरा : गगन भरे तव नामगजरी
परि उरी एक शांत ओवरी

मुखडा मात्रांवर असा बसतो :

त व च र णी ऽ म न | रं ग ले ऽ ह री ऽ ऽ
सा सा ध़ सा रे ऽ सा रे | ग ग प ध प ग रे ऽ

उभी रेघ ही सम. तिच्यावर ‘रं’ येतो आणि त्याला गंधार मिळतो. सगळ्यात वजनदार शब्द, दीर्घ अक्षर आणि रागाचा वादी स्वर एकाच जागी आले. माझ्या पहिल्या मसुद्यात ओळीच्या सुरुवातीला ‘तुझ्या चरणी’ होतं. ‘तुझ्या’ काढून ‘तव’ घेतलं तेव्हा मुखडा हलका झाला. ओळ शेवटी रिषभावर थांबते, षड्जावर नाही. षड्जावर थांबली असती तर गाणं तिथेच संपल्यासारखं वाटलं असतं. रिषभ अपुरा वाटतो, त्यामुळे पुढचा ‘तव’ आपोआप हवासा होतो.

अंतऱ्याची पहिली ओळ :

ग ग न भ रे ऽ त व | ना ऽ म ग ज री ऽ ऽ
ग ग प ध सां ऽ सां सां | सां रें गं रें सां ध प ऽ

स्थायी मंद्र धैवत ते मध्य धैवत एवढ्यातच फिरते, डोळे मिटून बसल्यासारखी. अंतरा ओळ उचलल्यापासून पाचव्याच मात्रेला तार षड्ज गाठतो. ‘गगन’ हा शब्दही त्यासाठीच. विरोध केवळ स्वरांचा असून भागत नाही. स्थायीत एकट्या मनाची गोष्ट आहे, अंतऱ्यात सगळ्यांचा गजर आहे. अंतरा फसला की बहुधा असा फसतो : स्थायीचंच वाक्य वेगळ्या शब्दांत आणि वरच्या स्वरांत. गाऊन पाहताना ते लगेच कळतं, कारण अंतऱ्यातून मुखड्यावर परतताना काही नवं मिळत नाही.

दुसरा धोका भूपात खास आहे. तार षड्जाकडे जाता-येता धैवतावर थांबण्याचा मोह होतो, ती जागाच गोड आहे. पण हेच पाच स्वर देसकाराचेही आहेत, आणि त्याचा वादी धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. अंतऱ्यात ‘री’ धैवतावर दोन मात्रा धरून ठेवला की स्थायीत भूप आणि अंतऱ्यात देसकार अशी अवस्था होते. म्हणून इथे धैवत एकच मात्रा, लगेच पंचम. पारख करायची तर अंतरा शब्दांशिवाय, नुसत्या आकारात गावा आणि कान कोणत्या स्वरावर विसावा घेतो ते पाहावं. धैवतावर घेत असेल तर ओळ पुन्हा बांधावी.

राहिली दुसरी ओळ, परतीची :

प रि उ री ऽ ए ऽ क | शां ऽ त ओ व री ऽ ऽ
सां सां ध प ऽ ध प प | ग ऽ प ग रे सा ऽ ऽ

ही तार षड्जावरून उतरते आणि समेवर पुन्हा गंधार गाठते, ज्या गंधारावर स्थायीत ‘रंगले’ होतं. ओवरी म्हणजे देवळाच्या आवारातली छोटी खोली. गजर बाहेर, आत शांतता. सहाव्या मात्रेवर ‘री’ षड्जाला टेकतो, तिथे श्वास घ्यायला दोन मात्रा मिळतात, आणि नवव्या मात्रेवर त्याच षड्जावरून मुखडा उचलता येतो. अंतऱ्याच्या पहिल्या ओळीनंतर लगेच मुखडा घेऊन पाहिला तर पंचमावरून एकदम षड्जावर उतरावं लागतं, आणि गजरातून मनाकडे यायला वाटच राहत नाही. आता ‘शांत ओवरी’नंतर ‘तव चरणी मन’ म्हटलं की ते मन कुठे बसलं आहे हे आपल्याला माहीत असतं. शब्द तेच, स्वर तेच, पण पहिल्यांदा गायला तेव्हा ती ओवरी तिथे नव्हती.