तोंड येणं, नागीण आणि सुटलेली टिचबटणं

आमच्या गल्लीतल्या एका काकूंना शेंगा चटणी झोंबायला लागली, तेव्हा कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. सोलापूरचा एप्रिल. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा दिवसांत तोंड आलं तर ‘उष्णता झाली’ हे निदान इथे प्रत्येक घरात तयारच असतं. सब्जा झाला, गुलकंद झाला, व्हिटॅमिनच्या गोळ्या झाल्या. चार महिने उलटले, पाऊस पडून गेला, तरी तोंड तसंच. मग पाठीवर आणि छातीवर पाण्याचे फोड उठले. सैल आणि लिबलिबीत फोड, साडीचा पदर घासला तरी फुटणारे. आता निदान बदललं: नागीण. लाल काव लावून झाली आणि ‘दोन्ही टोकं जुळायच्या आत उतरवून घ्या’ असंही कुणीतरी सांगून गेलं.

या टोकं जुळण्याचं आधी आटपून घेतो. नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू. लहानपणी येऊन गेल्यावर तो मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो आणि पुढे कधीतरी त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर उतरतो. ती वाट शरीराच्या एकाच बाजूला असते, म्हणून पुरळ सहसा मधल्या रेषेपाशी थांबतं. वेढा पूर्ण होणं ही अतिदुर्मिळ गोष्ट आहे, आणि समजा झाला तरी वेढ्याने माणूस मरत नाही. काकूंचे फोड तर पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंना होते. तेवढं नीट पाहिलं असतं तरी नागिणीचा विषय तिथेच संपला असता.

त्वचारोगतज्ज्ञांनी दोन गोष्टी केल्या. फोडाशेजारची धडधाकट दिसणारी कातडी अंगठ्याने दाबून किंचित सरकवली, तर वरचा पापुद्रा खालच्या थरावरून सरकला. मग फुटलेल्या फोडाचा तळ हलकेच खरवडून काचपट्टीवर पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मी इथल्या एका कॉलेजात बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं असल्याने त्यांनी मलाही बघू दिलं. कातडीच्या पेशी एरवी फरशीसारख्या कोनाकोनाच्या, एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. इथे त्या सुट्या आणि गोल झाल्या होत्या. नागिणीत याच तपासणीत अनेक केंद्रकं असलेल्या राक्षसी पेशी दिसतात. इथे तशी एकही नव्हती. पेशी मेल्या नव्हत्या, फाटल्याही नव्हत्या. त्यांनी एकमेकींचा हात सोडला होता, एवढंच. आजाराचं नाव पेम्फिगस व्हल्गॅरिस.

हा ‘हात’ म्हणजे काय, ते मला सांगायचं आहे.

आईच्या ब्लाउजला असायचं ते टिचबटण आठवा. कातडीच्या दोन शेजारच्या पेशींमध्ये अशी शेकडो टिचबटणं असतात. त्यांना डेस्मोसोम म्हणतात. एकेक बटण मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढं किंवा त्याहून लहान. अर्धं बटण एका पेशीच्या पडद्यावर, अर्धं दुसरीच्या. पण बटण नुसतं कापडावर चिकटवून भागत नाही, मागून दोऱ्याने पक्कं शिवावं लागतं. तो दोरा म्हणजे केराटिन. पेशीच्या आत केराटिनचे तंतू या बटणापासून त्या बटणापर्यंत ताणलेले असतात आणि डेस्मोप्लाकिन नावाचं प्रथिन त्यांना बटणाच्या पाठीशी बांधून ठेवतं. परिणाम असा की एका पेशीवर आलेला ताण दोऱ्यातून बटणात, बटणातून शेजारणीच्या दोऱ्यात असा पसरत जातो. आपली सोलापुरी चादर दोघांनी धरून पिळली तरी एकाच धाग्यावर भार येत नाही, वीण तो वाटून घेते. तसंच हे.

बटणाची बाहेर डोकावणारी प्रथिनं कॅडहेरिन कुळातली. हे कूळ ओळखीचं झालं ते जपानमधल्या मासातोशी ताकेइची यांच्या कामामुळे. १९७०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की पेशींना धरून ठेवणारी एक यंत्रणा कॅल्शियम असेल तरच चालते. नावातलं ‘कॅ’ त्या कॅल्शियमचंच. कॅडहेरिनचा बाहेरचा भाग म्हणजे ओळीने ओवलेले पाच मणी. दोन मण्यांमधल्या प्रत्येक सांध्यात कॅल्शियमचे तीन आयन बसतात. ते असले की माळ ताठ राहते, काढून घेतले की लुळी पडते. ताठ माळेचं टोक समोरच्या पेशीच्या माळेपर्यंत पोचतं आणि मग खरी गंमत होते. टोकाच्या मण्याला ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा एक फुगीर अवयव असतो, आणि त्याच मण्यात एक खळगाही असतो. माझा ट्रिप्टोफॅन तुझ्या खळग्यात, तुझा माझ्या. शिंप्याच्या टिचबटणात एका बाजूला बोंड आणि दुसऱ्या बाजूला खाच असते. इथे दोन्ही बाजूंना दोन्ही असतं. अशी एक जोडी एकटी फार कच्ची असते. दाटीवाटीने अनेक जोड्या लागल्या की बटण घट्ट होतं.

(कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन पेशी आणखी घट्ट होतील का, असं मला एकाने विचारलं. नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोर मापात राखतं आणि ते माप या माळांना पुरेसं असतं.)

कातडीच्या टिचबटणातले कॅडहेरिन दोन प्रकारचे, डेस्मोग्लिन आणि डेस्मोकॉलिन. काकूंच्या शरीराने प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार केली ती डेस्मोग्लिनविरुद्ध. जंतूंवर सोडायचे सैनिक घरच्याच बटणांवर सोडले. पेम्फिगसमध्ये हल्ला होतो ते प्रथिन कॅडहेरिन कुळातलं आहे, हे १९९१मध्ये मासायुकी अमागाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं.

पण मग आधी तोंडच का? चार महिने कातडी शाबूत का राहिली? अंगावर एक काटा यावा असं उत्तर आहे. निदान माझ्या तरी आला.

डेस्मोग्लिनचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे, १ आणि ३. कातडीत डेस्मोग्लिन-१ वरच्या थरांत भरपूर आणि खाली कमी असतं. डेस्मोग्लिन-३ उलट, खालच्या थरांत असतं आणि वर जवळजवळ नाही. तोंडाच्या आतल्या अस्तरात मात्र तळापासून वरपर्यंत ३चंच राज्य, १ अगदी थोडं. दोघं एकमेकांची जागा भरून काढू शकतात, एक गेलं तर दुसरं बटण सांभाळतं. आता काकूंची पहिली चार महिन्यांची प्रतिपिंडं फक्त ३विरुद्ध होती असं धरा. तोंडात ३ गेलं की सांभाळायला कुणी उरत नाही, म्हणून तिथे व्रण. कातडीत ३ गेलं तरी १ आहे, म्हणून कातडी टिकते. पुढे काही रुग्णांत १विरुद्धही प्रतिपिंडं तयार होतात. त्या दिवशी कातडीचा जामीनदारही जातो आणि फोड उठतात. काकूंच्या रक्ततपासणीत दोन्ही सापडली.

याचा पडताळा भलत्याच ठिकाणाहून मिळतो. लहान मुलांना एका प्रकारच्या स्टॅफिलोकॉकस जंतूमुळे कातडी भाजल्यासारखी सोलवटण्याचा आजार होतो. तो जंतू एक विष सोडतो, आणि ते विष म्हणजे एक कात्री. डेस्मोग्लिन-१ नेमक्या एका जागी कापते, ३ला हातही लावत नाही. मग काय व्हायला हवं? कातडीच्या अगदी वरच्या थरात, जिथे ३ नाही तिथे, पापुद्रा सुटावा आणि तोंड मात्र धड राहावं. अगदी तसंच होतं. एकीकडे प्रतिपिंडं, दुसरीकडे जंतूची कात्री, आणि नकाशा एकच.

हा नकाशा सगळं सांगतो असं मात्र नाही. काही रुग्णांची प्रतिपिंडं आणि फोडांची जागा त्यात बसत नाहीत. शिवाय प्रतिपिंड खळग्यात अडकून बसतं एवढीच गोष्ट नसते. ते चिकटलं की पेशीच्या आत निरोप जातात, डेस्मोग्लिन आत ओढून घेतलं जातं आणि नवी बटणं लागेनाशी होतात.

काकूंच्या बायोप्सीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट फोडाच्या तळाशी होती. तिथे कातडीच्या सर्वांत खालच्या पेशी एका ओळीत उभ्या. शेजारणींपासून सुटलेल्या, डोक्यावरचं छप्पर उडालेलं, पण पाय जमिनीत घट्ट. पुस्तकं याला थडग्यांच्या दगडांची रांग म्हणतात. त्या पडल्या का नाहीत? कारण खाली धरणारं प्रथिन वेगळ्या कुळातलं, इंटिग्रिन. पेशीच्या बुडाशी असलेलं अर्धं बटण, हेमिडेस्मोसोम, शेजारच्या पेशीला नाही तर पेशीबाहेरच्या जाळीला धरतं. तिथलं अल्फा-६ बीटा-४ इंटिग्रिन बाहेरून त्या जाळीतलं लॅमिनिन हे प्रथिन पकडतं. त्याच्या बीटा साखळीला पेशीच्या आत सुमारे हजार अमिनो आम्लांची लांबलचक शेपटी आहे, ती प्लेक्टिन या प्रथिनामार्फत त्याच केराटिनच्या दोऱ्याला बांधलेली असते. बहुतेक इंटिग्रिनांच्या शेपट्या आखूड असतात आणि अ‍ॅक्टिनच्या तंतूंना जोडतात. डेस्मोग्लिनवरची प्रतिपिंडं या बटणाला ओळखतच नाहीत.

बिघाड या खालच्या बटणात झाला तर आजार वेगळा. बुलस पेम्फिगॉइडमध्ये प्रतिपिंडं इंटिग्रिनच्या शेजारच्या कोलॅजेन-१७वर जातात. मग अख्खा वरचा थर एकसंध उचलला जातो, छप्पर जाड राहतं आणि फोड टम्म, सहज न फुटणारा होतो. काकूंचे फोड लिबलिबीत होते, कारण त्यांचं छप्पर म्हणजे एकमेकींना सोडत चाललेल्या पेशी. प्रतिपिंडांना चमकणारा रंग लावून पाहिलं तर पेम्फिगसमध्ये पेशीपेशीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते, पेम्फिगॉइडमध्ये तळाशी एक सरळ रेघ. (आणि ‘कोलॅजेन पावडर’ विकणाऱ्यांनो, प्यायलेलं कोलॅजेन पोटात पचतं. ते या बटणात जाऊन बसत नाही.)

स्टिरॉइड येण्यापूर्वी या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत. उघड्या कातडीतून पाणी-क्षार झिरपत आणि जंतू आत शिरत. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये पसरिचा यांनी दर महिन्याला स्टिरॉइडचा मोठा डोस देण्याची पद्धत बसवली, ती आपल्याकडे खूप वापरली गेली. काकूंना रिटुक्सिमॅब दिलं. हे औषध प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या आधीच्या पिढीला, बी-पेशींना, संपवतं. रक्तात फिरत असलेली प्रतिपिंडं त्याने नाहीशी होत नाहीत. ती निम्मी व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात, आणि जुन्या प्लाझ्मा पेशी काही काळ नवी बनवतच राहतात. म्हणून दोन महिने काही फरक दिसेना तेव्हा घरचे धीर सोडत होते.

पाठीवरचे फोड आधी बरे झाले. वण राहिले नाहीत, कारण तळाच्या पेशी जागच्या जागी होत्या आणि त्यांनीच वरचे थर पुन्हा उभे केले. काळपट डाग तेवढे आहेत. तोंड मात्र मागे रेंगाळलं, तिथे डेस्मोग्लिन-३ला जामीन राहणारं कुणी नाही. गेल्या आठवड्यात काकूंकडे गेलो तर ताटात शेंगा चटणी होती, दह्यात कालवलेली. कडक भाकरी दुधात भिजत ठेवली होती.