हँडल आवळलं की नाडी कुठे हरवते?

समजा, नाशिकचा एक सायकलस्वार कसारा घाट चढतोय. चढ तीव्र झाला म्हणून तो सीटवरून उठला आणि उभ्याने पेडल मारू लागला. मनगटावरचं घड्याळ मिनिटाला १४० ठोके दाखवतंय, दंडावरचा पट्टा १६८. दोन्ही उपकरणं नाडी एकाच पद्धतीने मोजतात, मग एवढा फरक का पडावा?

दोन्हींच्या तळाशी हिरवा दिवा आणि प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोका पडला की त्वचेखालच्या बारीक धमन्यांत रक्त भरतं आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. हा बदल फार तर एक-दोन टक्क्यांचा असतो, बऱ्याचदा त्याहूनही कमी. त्यामुळे सेन्सर कातडीवर थोडा जरी सरकला, तरी त्याने होणारा फरक नाडीच्या लाटेपेक्षा कितीतरी मोठा ठरू शकतो.

मनगटात मांस थोडं आणि हाडं-स्नायुबंध जास्त. हँडल आवळलं, ब्रेकवर बोटं दाबली की हेच स्नायुबंध घड्याळाखाली सरकतात, सेन्सरखालचं रक्त इकडेतिकडे ढकललं जातं आणि घड्याळाची कड उचलली जाते. खड्ड्यांचे हादरेही हँडलमधून आधी मनगटालाच बसतात. शिवाय डिसेंबरमधली नाशिकची पहाट! थंड वाऱ्यात हातांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळातच क्षीण असलेली लाट आणखी बारीक होते. जॅकेटच्या बाहीत असलेला दंड त्या मानाने उबदार राहतो, त्याच्यावर मांसही भरपूर असतं आणि पेडल मारताना तो मनगटाइतका वाकत-वळत नाही. पट्ट्याची सरशी होते ती मुख्यतः जागेमुळे. दिवा आणि सेन्सर दोघांकडे सारखेच असतात.

आता ते १४० कुठून आलं ते पाहू. उभ्याने चढताना सायकल डावीकडे-उजवीकडे झुलते आणि पेडलच्या एका फेरीत तिचा एक झोका पूर्ण होतो. मिनिटाला ७० फेऱ्या होत असतील, तर मनगटाला मिनिटाला ७० झोके आणि १४० धक्के बसतात. घड्याळातला हिशेब ठराविक लयीने येणारी लाट शोधत असतो. नाडीची लाट बुजली की तो या धक्क्यांची लय धरतो आणि तिलाच नाडी म्हणून दाखवतो. घड्याळात हालचाल मोजणारा वेगळा सेन्सर असतो, त्याच्या आधाराने ही लय वजा करायचा प्रयत्नही होतो, पण नाडीचा आणि धक्क्यांचा आकडा जवळजवळ आला की फसगत होतेच. ओळखण्याची खूण सोपी आहे. तेवढ्याच जोराने चढत राहून गिअर बदला. पेडलच्या फेऱ्यांबरोबर आकडाही लगेच उडी मारत असेल, तर तो हृदयाचा नाही. हृदयाचा वेग असा क्षणात वीस ठोक्यांनी बदलत नाही.

जिममध्ये अडचण वेगळी असते. डेडलिफ्टचा सेट वीस-तीस सेकंदांत संपतो. बार घट्ट धरल्यामुळे मनगटाजवळचे स्नायुबंध ताणलेले राहतात, पुशअपमध्ये तर मनगट मागे वाकून घड्याळच हातात रुततं. त्यात बरीच घड्याळं काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवतात. म्हणजे सेटमधला चढ दिसेपर्यंत माणूस बार खाली ठेवून पाणी पीत असतो. दंडावरचा पट्टा इथे सहसा बरा ठरतो, पण तोही निर्दोष नाही. बायसेप्स कर्ल किंवा पुलअप करताना स्नायू फुगतो आणि पट्ट्याखालची त्वचा दाबली जाते. म्हणून पट्टा बायसेप्सच्या फुगवट्यावर न बांधता बाजूला, मांसल पण कमी फुगणाऱ्या जागी बसवावा. तो सरकू नये इतका घट्ट असावा, पण हाताला मुंग्या येतील इतका नव्हे. त्या जागी गडद टॅटू असेल तर जागा बदलावी, कारण शाईही प्रकाश शोषते.

स्वतः तपासून पाहायचं असेल, तर हृदयाचे विद्युत संकेत टिपणारा छातीचा पट्टा सोबत बांधा आणि तिन्हींची नोंद एकाच वेळी घ्या. नुसती सरासरी बघून मात्र निकाल देऊ नका. घड्याळाने पाच मिनिटं वीस ठोके कमी आणि पुढची पाच मिनिटं वीस ठोके जास्त दाखवले, तरी दहा मिनिटांची सरासरी अगदी बरोबर येते! आलेख एकावर एक ठेवा आणि जोर वाढवल्या-वाढवल्या कोणती रेघ आधी वर जाते, कोणती मागे रेंगाळते ते बघा. सपाट रस्त्यावर बसून, एका लयीत चालवलेल्या भागात तिन्ही रेघा बहुधा जवळ राहतील. त्या फाकतात त्या चढावर, खडबडीत रस्त्यावर आणि जिममधल्या छोट्या सेटमध्ये.

एका बाबतीत दंडावरचा पट्टाही छातीच्या पट्ट्याची जागा घेऊ शकत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत हवं असेल, तर जोराच्या व्यायामात प्रकाशाची गोलसर लाट पुरत नाही. तिथे विद्युत संकेताचं टोकदार शिखरच लागतं. ठोके अनियमित पडत असल्याची शंका असेल, तर यांपैकी कुठल्याच आकड्यावर न थांबता डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्यावा.