दुसऱ्या गावातली कॉपी किती मिनिटं मागे आहे?

२४ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी ११.४० ला एनएसईवरचं ट्रेडिंग बंद पडलं ते दुपारी पावणेचारला परत सुरू झालं. आग नाही, पूर नाही. एक्स्चेंजने नंतर सांगितलं की बीकेसीतलं मुख्य डेटा सेंटर आणि कुर्ल्याची जवळची डीआर साइट, म्हणजे संकटात काम चालवायला ठेवलेली दुसरी जागा, यांच्यामधल्या टेलिकॉम लाइन रस्त्यावरच्या खोदकामामुळे गडबडल्या, आणि त्यानंतर बीकेसीतलं सॅन, म्हणजे सगळे सर्व्हर नेटवर्कवरून वापरतात ते सामायिक स्टोरेजच, सर्व्हरना दिसेनासं झालं. डेटा वाचवायला टाकलेल्या लाइन तुटल्या आणि धडधाकट साइट बसली! हे कसं काय होऊ शकतं ते कळायला आधी दोन स्टोरेज एकमेकांशी बोलतात कसे ते बघू.

सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये सर्व्हरने लिहिलेला डेटा इथला स्टोरेज घेतो, लगेच पलीकडच्या स्टोरेजला पाठवतो, आणि तिकडून "मिळालं" असं उत्तर आल्यावरच सर्व्हरला सांगतो की हो, लिहिलं. म्हणजे तुमचे पैसे ट्रान्सफर झाले असं स्क्रीनवर दिसतं तेव्हा ती नोंद दोन्हीकडे असते, एक साइट गेली तरी कबूल केलेलं काहीच जात नाही.

याची किंमत अंतरात मोजावी लागते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद लागतो आणि याला कुठलीही महागडी मशीन उपाय नाही. ५ किलोमीटर असेल तर काही जाणवतच नाही, पण मुंबई ते चेन्नई केबल १३०० किलोमीटर धरली तरी प्रत्येक राइटमागे १३ मिलिसेकंद, आणि एका व्यवहारात एकामागे एक १० राइट असतील तर १३० झाले. फ्लॅश स्टोरेज स्वतः १ मिलिसेकंदाच्या आत उत्तर देतो, म्हणजे तो नुसता वाट बघत बसणार.

म्हणून लांबच्या साइटला असिंक्रोनस. इथे सर्व्हरला उत्तर ताबडतोब मिळतं, आणि डेटा रांगेत उभा राहून सवडीने पलीकडे जातो. साइट गेली की रांगेतलं सगळं गेलं. ही रांग किती लांब असते त्याचा एक हिशोब करू. समजा बँकेची रात्रीची बॅच २ तास चालते, सेकंदाला १०० एमबी लिहिते, आणि लाइन ८० एमबी नेते. दर सेकंदाला २० एमबी मागे राहतात, २ तासांनी रांगेत १४४ जीबी. तोपर्यंत पलीकडे ५७६ जीबी पोचलेत, जे लिहायला बॅचला ९६ मिनिटं लागली होती, म्हणजे त्या क्षणी पलीकडची कॉपी २४ मिनिटं मागे आहे. कागदावर "आरपीओ १५ मिनिटं", म्हणजे जास्तीत जास्त १५ मिनिटांचा डेटा जाईल, असं लिहिलेलं असतं, बॅचच्या शेवटी साइट गेली तर तुमची २४ मिनिटं जातात. बॅच संपल्यावर राइट २० एमबीवर आले तरी रांग उपसायला ४० मिनिटं लागतात. म्हणून लाइन विकत घेताना दिवसाची सरासरी बघणाऱ्यांचं मला नवल वाटतं, बघायचा असतो तो सगळ्यात वाईट तास.

आता परत तुटलेल्या लाइनकडे. सिंक्रोनसमध्ये पलीकडून उत्तरच येत नसेल तर स्टोरेजने करायचं काय? एक तर राइट नाकारायचे, म्हणजे डेटा शाबूत पण धंदा बंद. नाहीतर एकट्याने पुढे जायचं आणि कुठले ब्लॉक बदलले त्याची खूण फक्त ठेवायची. हिताचीच्या ट्रूकॉपीमध्ये हे फेन्स लेव्हल म्हणून ठरवतात, `data` म्हणजे नाकार, `never` म्हणजे चालू ठेव. बहुतेक जण दुसरं निवडतात, आणि ते बरोबरच आहे, फक्त त्या क्षणापासून तुमचं "झिरो डेटा लॉस" संपलेलं असतं, हे डीआरच्या रिपोर्टात कोणी लिहीत नाही. जोडीची स्थिती दाखवणाऱ्या `pairdisplay` कमांडमध्ये `PAIR` च्या जागी `PSUE` दिसलं तर समजायचं की पलीकडची कॉपी तिथेच गोठली आहे.

आणि खरा धोका लाइन परत आल्यावर. साठलेले ब्लॉक खुणांच्या क्रमाने जातात, लिहिलेल्या क्रमाने नाही. त्यामुळे हे रीसिंक, म्हणजे दोन्ही कॉपी परत जुळवणं, चालू असताना पलीकडे एका खात्यातून पैसे वजा झालेत पण दुसऱ्यात जमा नाहीत अशी खिचडी असू शकते, आणि नेमकी तेव्हाच मुख्य साइट गेली तर तो डेटाबेस बहुधा उघडणारच नाही. गोठलेली जुनी कॉपी निदान उघडली तरी असती. म्हणून रीसिंकचं बटण दाबायच्या आधी पलीकडच्या स्टोरेजवर त्या गोठलेल्या कॉपीचा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवायचा, आणि स्टेटस परत `PAIR` होईपर्यंत तो डिलीट करायचा नाही.