पूरग्रस्त दुकानाचा सर्व्हे (कृषी केंद्र, खानदेश)

दुकानात पुराचं पाणी शिरलं आणि विमा काढलेला असेल तर कंपनी परवानाधारक सर्व्हेअर पाठवते, तो प्रत्यक्ष माल बघून नुकसान किती ते ठरवतो. खानदेशात हे काम नदीकाठच्या बाजारपेठांत जास्त पडतं. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावच्या बाजारात घुसलं होतं, तसल्याच एका गल्लीतलं कृषी केंद्र धरून हे काम कसं चालतं ते सांगतो. माणसं आणि आकडे उदाहरणाचे आहेत, पद्धत खरी आहे.

सर्व्हेअर पोचला तेव्हा दुकानदार नाना उंबऱ्यावर बसलेले. "साहेब, सम्दं पानीमा गयं." सर्व्हेअर म्हणाला, "नाना, गाळ उपसू नका अजून, आधी मला भिंत बघू द्या." भिंतीवर चिखलाची रेघ होती, टेपने मोजली तर तीन फूट दोन इंच. पहिला पुरावा ही रेघच, कारण तिच्या वरचं सगळं भिजलं म्हणणं सहसा टिकत नाही. सहसा, कारण खताच्या थप्पीत ते टिकू शकतं.

नानांनी युरियाच्या ४०० गोण्या गेल्या असं लिहून दिलेलं. स्टॉक रजिस्टरचा लगदा झालेला, पण अनुदानाचं खत पॉस मशीनवर अंगठा घेऊन विकावं लागतं त्यामुळे शिल्लक ऑनलाइन दिसते, ती निघाली ३५०. उरलेल्या ५० चं नुसतं चलन आलं होतं, ट्रक वाटेतच होता. नाना खोटं बोलत नव्हते, चलन बघून धरल्या होत्या, म्हणून सर्व्हेअरने तिथे लबाडीचा शेरा मारला नाही, फक्त आकडा दुरुस्त केला.

थप्पी दहा थरांची, थरात ३५ गोण्या. खालचे पाच थर पाण्यात विरघळून नुसती पोती उरलेली. सहावा थर रेघेच्या वर होता पण ओल शिलाईतून वर चढते, हात घालून बघितलं तर आत ढेकळं. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे युरियात ओलावा १ टक्क्याच्या वर चालत नाही, म्हणजे तो थरही विकता येणार नाही. आणि खालचं खत विरघळलं की थप्पी कलंडते, वरच्या थरांतल्या २८ गोण्या अशाच पाण्यात पडून फुटलेल्या. ज्याने फक्त रेघ बघून हिशोब केला असता त्याने या ६३ गोण्या नानांच्या खिशातून कापल्या असत्या. एकूण गेल्या २३८, खरेदी बिल २५० रुपये, झाले ५९,५०० रुपये. दर खरेदीचाच धरतात, विकल्यावर मिळाला असता तो नफा यात येत नाही.

मग कीटकनाशकं. खालच्या दोन रॅकमधल्या बाटल्या सीलबंद, आतलं औषध ठीक, पण लेबलं सुटून गेलेली, बॅच नंबर आणि मुदत काहीच वाचता येत नाही. नुसतं बघणारा म्हणेल धुऊन विका. पण लेबल नसलेलं कीटकनाशक विकणं १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात बसत नाही, आणि शेतकऱ्याच्या हातात बिननावाचं विष देणं तर बरोबरच नाही, त्यामुळे ती पूर्ण नुकसानीत, १,४०,५०० रुपये. लेबल शाबूत असलेल्या बाटल्या पुसून परत रॅकवर.

खरा पेच कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांचा. ३०,००० रुपयांची पाकिटं भिजून फुगलेली. पेरणी जूनमध्येच आटोपलेली, उरलेलं बियाणं नानांनी डिस्ट्रिब्युटरला परत दाखवलेलं आणि पुराच्या आधीच त्याची क्रेडिट नोट, म्हणजे किंमत नानांच्या खात्यात जमा केल्याचा कागद, आलेली, फक्त गाडी न्यायला आली नव्हती. म्हणजे माल दुसऱ्याचा, आणि पॉलिसीत दुसऱ्याच्या मालाचा उल्लेख नाही. सर्व्हेअरने ती क्लेममधून काढली तशी नानांचा चेहरा उतरला.

इथे त्याने दुसरी बाजूही सरळ ठेवली. नुकसानीतून काढलेला माल दुकानातल्या एकूण मालाच्या किमतीतूनही काढायला हवा. पाकिटांसकट माल ७,३०,००० चा, त्यांच्याशिवाय ७,००,००० चा, आणि विमा ६,००,००० चा. नानांची पॉलिसी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा', एप्रिल २०२१ पासूनची, तिच्यात विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर तो माफ असतो. सात लाखांवर विमा साधारण १४.३ टक्के कमी पडतो, माफ. सात लाख तीस हजारांवर १७.८ टक्के, मग सगळ्या नुकसानीला त्याच प्रमाणात कात्री. पाकिटं धरली असती तर २,३०,००० चे कापून साधारण १,८९,००० उरले असते, सोडल्यावर पूर्ण २,००,०००, त्यातून फक्त पॉलिसीतला एक्सेस, म्हणजे नानांनी स्वतः सोसायचा ठरलेला भाग, वजा.

नानांनी कागदावर हा हिशोब दोनदा करून बघितला आणि मग सही केली. सर्व्हेअरने क्रेडिट नोटची प्रत, पॉस मशीनचा प्रिंट आणि टेप लावलेल्या भिंतीचा फोटो रिपोर्टला जोडला आणि शेजारच्या किराणा दुकानात गेला, तिथे पाणी चार फुटांपर्यंत चढलं होतं.