इंग्रजीतला ‘द’ कुठून आला आणि तो आपल्याला का अडतो

इंग्रजीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माणसाचे काळ चुकत नाहीत, शब्दसंग्रह तोकडा पडत नाही, तरी त्याच्या ईमेलमध्ये एखादा ‘द’ गळालेला असतो किंवा नको तिथे घुसलेला असतो. रशियन, पोलिश, जपानी, कोरियन आणि मराठी भाषकांच्या इंग्रजीत ही चूक सगळ्यांत शेवटपर्यंत टिकते. या भाषांमध्ये ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदं नाहीत, हे कारण खरं आहे पण अपुरं आहे. मुळात उपपद काय काम करतं आणि ते भाषेत शिरलं कसं, हे पाहिलं की अडचण नेमकी कुठे आहे ते दिसतं.

उपपदं भाषेत उशिरा आली. संस्कृतात ती नव्हती, लॅटिनमध्येही नव्हती. पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन ग्रीकशी तुलना करताना लिहितो की आमच्या भाषेला उपपदांची गरज भासत नाही. पण पुढच्या काही शतकांत त्याच लॅटिनच्या लेकीबाळींनी उपपदं घडवली. लॅटिनमधल्या ‘तो’ अर्थाच्या ‘इले’पासून फ्रेंचचा ‘ल’, इटालियनचा ‘इल’ आणि स्पॅनिशचा ‘एल’ निघाला, तर ‘एक’ अर्थाच्या ‘ऊनुस’पासून अनिश्चित उपपदं निघाली. ग्रीकमध्ये हेच आधी घडलं होतं. होमरच्या काव्यात जो शब्द बहुतेक ठिकाणी दर्शक सर्वनाम आहे, तोच अथेन्सच्या गद्यात नियमित उपपद झालेला दिसतो. इंग्रजीही याच वाटेने गेली. जुन्या इंग्रजीत ‘तो, ती, ते’साठी लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे बदलणारी रूपं होती. बाराव्या शतकाच्या सुमारास प्रत्यय झिजत गेले आणि त्या सगळ्या रूपांच्या जागी न बदलणारा एकच ‘द’ उरला. ‘एक’साठीचा ‘आन’ झिजून ‘अ’ आणि ‘ॲन’ झाला.

दर्शक सर्वनाम आणि उपपद यांतला फरक ठरतो तो सक्तीने. जोवर शब्द गाळला तरी चालतं, तोवर ते सर्वनामच असतं. गाळल्यावर वाक्य चुकीचं ठरू लागलं की उपपद तयार झालं. मराठी या वाटेवर त्या टप्प्याच्या आधीच थांबली आहे. ‘दारात माणूस उभा आहे’ म्हणा किंवा ‘दारात एक माणूस उभा आहे’ म्हणा, दोन्ही शुद्ध. ‘तो मुलगा’ म्हटलं की अनेकांतल्या एकाकडे बोट जातं. ‘तो सूर्य उगवला’ असं आपण रोजच्या बोलण्यात म्हणत नाही, कारण सूर्य निवडावा लागत नाही. इंग्रजीला मात्र तिथेही ‘द सन’ लागतो.

आता प्रश्न असा, की हा ‘द’ सांगतो तरी काय? शाळेत शिकवलेला नियम सोपा आहे: वस्तूचा पहिला उल्लेख ‘अ’ने, दुसरा ‘द’ने. पण ‘काल एका लग्नाला गेलो होतो, नवरी डॉक्टर आहे’ यातली नवरी पहिल्यांदाच आली, तरी इंग्रजीत ती ‘द ब्राइड’च असते. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने 1905 मध्ये याचं उत्तर ‘एकमेवता’ असं दिलं: ते वर्णन लागू पडणारी वस्तू एकच आहे. डॅनिश अभ्यासक पॉल क्रिस्टोफरसनने 1939 मध्ये ‘परिचय’ असं दिलं: ऐकणाऱ्याला ती वस्तू ठाऊक असते किंवा संदर्भातून कळते. पुढे 1981 मध्ये भाषाशास्त्रज्ञ डेरेक बिकर्टनने त्यात दडलेले दोन प्रश्न सुटे केले, आणि माझ्या मते शिकणाऱ्यासाठी हीच सगळ्यांत उपयोगी पायरी आहे. पहिला प्रश्न: बोलणाऱ्याच्या मनात एखादी ठरावीक वस्तू आहे का? दुसरा: ती कुठली हे ऐकणाऱ्याला कळू शकतं का? इंग्रजी उपपद दुसऱ्या प्रश्नावर ठरतं, पहिल्यावर नाही.

एक उदाहरण घेऊ. ऑफिसातल्या सहकाऱ्याला तुम्ही सांगता, ‘आज लवकर निघतो, एका मित्राला भेटायचंय.’ तुमच्यापुरता तो मित्र पूर्ण ठरलेला आहे: नाव, चेहरा, भेटीची जागा. सहकाऱ्याला त्यातलं काहीच ठाऊक नाही. म्हणून इंग्रजीत ‘अ फ्रेंड’. इथे ‘द फ्रेंड’ लिहिलं, तर समोरचा गोंधळून ‘कुठला मित्र?’ विचारतो, आपलं आधीचं काही ऐकायचं राहिलं असं त्याला वाटतं. आता उलट बाजू. घरफोडी झाली, चोर कोण याचा कुणालाच पत्ता नाही, आणि तुम्ही म्हणता, ‘चोर कोणीही असो, सापडेल.’ तुमच्या मनात कुठलाही चेहरा नाही, तरी इंग्रजीत ‘द थीफ’च हवा, कारण ही चोरी केली तो चोर, एवढं ऐकणाऱ्याला पुरतं. इथे ‘अ थीफ’ लिहिलं तर कुठला तरी भलताच चोर सापडल्यासारखं होतं.

मराठी निश्चिततेबाबत मुकी नाही. ‘मी डॉक्टर शोधतोय’ म्हणजे कोणीही चालेल. ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ म्हणजे ठरावीक डॉक्टर. पण ‘मी एका डॉक्टरांना शोधतोय’ हेही सहज चालतं: मला कोण ते माहीत आहे, तुम्हाला नाही. म्हणजे आपला ‘ला-ना’ इथे मुख्यतः बोलणाऱ्याच्या मनाची नोंद घेतो. बिकर्टनचा पहिला प्रश्न आपल्या व्याकरणात मुरलेला आहे आणि इंग्रजी विचारते दुसरा. मराठी भाषकाचा ‘द’ अनेकदा इथेच घसरतो असं मला वाटतं.

शिकणाऱ्यांच्या नोंदींतही हेच दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. टॉम ह्युबनरने 1983 मध्ये, लाओसहून हवाईला आलेल्या एका ह्मोंग भाषकाचं वर्षभराचं इंग्रजी नोंदवून प्रसिद्ध केलं. हा माणूस वर्गात न जाता ऐकून शिकत होता. त्याचा ‘द’ आधी मोजक्या जागी होता, मग जवळजवळ प्रत्येक नामाआधी आला, आणि नंतर ऐकणाऱ्याला ठाऊक नसलेल्या जागांवरून हळूहळू ओसरला. तानिया आयोनिन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये रशियन आणि कोरियन भाषकांना गाळलेल्या जागा भरायला दिल्या. चुका वाटेल तशा पसरल्या नव्हत्या. बोलणाऱ्याला ठाऊक पण ऐकणाऱ्याला अनोळखी अशा जागी, म्हणजे वरच्या मित्राच्या वाक्यासारख्या ठिकाणी, ‘द’ जास्त पडला. बोलणाऱ्याच्या मनात कोणी ठरलेलं नाही पण ऐकणाऱ्याला पुरेसं कळतं अशा जागी, म्हणजे वरच्या चोराच्या वाक्यासारख्या ठिकाणी, ‘अ’ जास्त पडला. 2008 मध्ये आलेल्या पुढच्या अभ्यासात स्पॅनिश भाषक असे हेलकावत नव्हते. त्यांच्या भाषेत उपपदं आहेत, त्यामुळे त्यांनी घरचीच व्यवस्था उचलली.

या स्पष्टीकरणाची मर्यादाही आहे. नद्यांच्या नावांआधी ‘द’ लागतो आणि एकेकट्या सरोवरांच्या आधी सहसा लागत नाही, किंवा ब्रिटिश माणूस ‘इन हॉस्पिटल’ म्हणतो तिथे अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’ म्हणतो, याला ऐकणाऱ्याचं ज्ञान कारण नाही. या गोष्टी वाचून आणि ऐकूनच बसतात. मात्र साध्या नामाशी अडलात, तर वाक्य एकदा ऐकणाऱ्याच्या जागी बसून वाचा. ‘कुठला?’ हा प्रश्न त्याला पडणार असेल आणि उत्तर अजून आलेलं नसेल, तर ‘द’ काढा, मग ती वस्तू तुमच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे कितीही स्पष्ट असो.