फुप्फुसवाहिन्यांचे ऑक्सिजन-न्यूनताजन्य आकुंचन

वायुकोशातील ऑक्सिजनचा दाब उतरला की त्या भागाला रक्त पुरवणाऱ्या लहान फुप्फुस-रोहिण्या आकसतात आणि रक्त अधिक हवेशीर भागाकडे वळते. शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला की रोहिणिका सैल होतात. फुप्फुसातील प्रतिसाद याच्या बरोबर उलट आहे. स्नायूला किंवा मेंदूला ऑक्सिजन घ्यायचा असतो, म्हणून तुटवड्यात तिथे रक्त जास्त हवे. फुप्फुसात तो रक्तात भरायचा असतो, त्यामुळे हवा नसलेल्या भागात गेलेले रक्त जसे आले तसेच परत जाते.

फुप्फुसाभिसरण कमी दाबाचे असल्यामुळे ही व्यवस्था चालू शकते. फुप्फुस-रोहिणीतील सरासरी दाब सुमारे 14 मिमी पारा, तर महारोहिणीतील सुमारे 93 मिमी असतो. दोन्ही अभिसरणांतून मिनिटाला तेवढेच, विश्रांतीत अंदाजे 5 लिटर, रक्त जाते. डाव्या अलिंदातील दाब 8 मिमी धरल्यास फुप्फुसाभिसरण पार करायला 6 मिमी दाब पुरतो, म्हणजे लिटरमागे 1.2 मिमी. देहाभिसरणात उजव्या अलिंदातील दाब 3 मिमी धरल्यास हाच आकडा 90 भागिले 5, म्हणजे 18 येतो. रोध पंधरापट आहे. देहाभिसरणाला प्रत्येक अवयवाचा वाटा वेगळा ठरवायचा असतो आणि त्यासाठी जाड स्नायूंच्या रोहिणिका व उंच दाब लागतो. फुप्फुसाला येईल ते सगळे रक्त घ्यायचे असते. शिवाय हवा आणि रक्त यांमधला पडदा काही ठिकाणी अर्ध्या मायक्रोमीटरहून पातळ असतो. केशवाहिन्यांतील दाब फार वाढला तर तो पाझरतो, प्रसंगी फाटतो.

शोधाचे श्रेय सामान्यतः ऑयलर व लिलियेस्ट्रांड या स्वीडिश संशोधकांच्या मांजरांवरील 1946 च्या प्रयोगांना दिले जाते. गुदमरण्यात फुप्फुस-रोहिणीतील दाब वाढतो, ही नोंद मात्र ब्रॅडफर्ड व डीन यांनी 1894 मध्येच केली होती. या वाढीला स्थानिक हवा-रक्त जुळणीचा अर्थ ऑयलर व लिलियेस्ट्रांड यांनी दिला, म्हणून प्रस्थापित श्रेय योग्य वाटते.

आकुंचन काही सेकंदांत सुरू होते, पहिला टप्पा काही मिनिटांत पूर्णत्वाला जातो आणि ऑक्सिजनची कमतरता टिकली तर पुढच्या तासा-दोन तासांत दुसरी, सावकाश वाढ होते. मुख्य चेतना वायुकोशातील ऑक्सिजनचा दाब ही आहे. तो 60 मिमीच्या खाली गेल्यावर परिणाम ठळक होतो. परत येणाऱ्या नीलारक्तातील दाबाचा प्रभाव त्या मानाने कमी. मज्जातंतू तोडलेल्या, शरीराबाहेर काढलेल्या फुप्फुसातही प्रतिसाद टिकतो. एकट्या स्नायुपेशीही आकसतात. म्हणून संवेदक स्नायुपेशीतच असल्याचे मानले जाते. अंतःस्तर त्याला फक्त कमी-जास्त करतो. पेशीतील पोटॅशियम वाहिन्या बंद होतात, पटलाचा विद्युत्‌भार बदलतो, कॅल्शियम आत येते, हा क्रम बराच निश्चित आहे. त्याआधीच्या पायरीवर मतभेद आहेत. तंतुकणिका हाच संवेदक, याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे. परंतु ऑक्सिजन घटल्यावर तिथून बाहेर पडणारे क्रियाशील ऑक्सिजन रेणू कमी होतात, असे वियर व आर्चर यांचे मत, तर ते वाढतात, असे शूमाकर यांचे. दोन्ही बाजूंची मोजमापे पद्धतीवर फार अवलंबून आहेत. अलीकडे पेशीच्या निरनिराळ्या कप्प्यांत वेगळे मोजल्यावर वाढीच्या बाजूचा पुरावा अधिक सबळ दिसतो.

उपयोग स्पष्ट दिसतो तो छातीच्या शस्त्रक्रियेत, एकाच फुप्फुसाला श्वास देताना. रुग्ण कुशीवर असताना वरच्या, बंद केलेल्या फुप्फुसाकडे गुरुत्वामुळे सुमारे 40 टक्के रक्त जाते. आकुंचनाने हा प्रवाह साधारण निम्मा होतो. म्हणजे ऑक्सिजन न घेता परतणारे रक्त 40 ऐवजी 20 टक्क्यांच्या आसपास राहते. नायट्रोग्लिसरिन, नायट्रोप्रुसाइड किंवा वायुरूप भूलद्रव्याची जास्त मात्रा दिली तर हा बचाव ढिला पडतो. रक्तदाबासाठी नायट्रोग्लिसरिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच, श्वास देणारी नळी न हलता, ऑक्सिजन संपृक्तता उतरली तर हे कारण मनात आणावे. तरीही नळीची जागा आधी तपासावी, कारण ती सरकणे हे नेहमीचे कारण आहे.

ही यंत्रणा स्थानिक तुटवड्यासाठी आहे. सगळ्याच फुप्फुसात ऑक्सिजन कमी झाला तर रक्ताला वळायला जागा उरत नाही. उंच डोंगरावर नेमके हेच होते: सर्वत्र आकुंचन, फुप्फुस-रोहिणीत वाढलेला दाब आणि पातळ भिंतीच्या उजव्या निलयावर ताण. काही लोकांत आकुंचन जागोजागी असमान असते. जिथे ते कमी, तिथल्या केशवाहिन्यांवर पूर्ण दाब येतो आणि वायुकोशांत द्रव झिरपतो. साधारणपणे 2500 मीटरच्या वर, चढाईनंतर दोन ते चार दिवसांत दिसणारा हा फुप्फुसशोफ हूस्टन यांनी 1960 मध्ये, तर हिमालयात तैनात भारतीय सैनिकांतील रुग्णांवरून इंदर सिंग व सहकाऱ्यांनी 1965 मध्ये वर्णिला. खाली उतरवणे आणि ऑक्सिजन हे पहिले उपचार. ते लगेच शक्य नसल्यास निफेडिपिन देतात, कारण ते कॅल्शियमचा मार्ग रोखून हाच दाब उतरवते. दीर्घकालीन श्वासनलिका-अवरोधाच्या रोगात कायम राहिलेले आकुंचन वाहिन्यांची भिंत जाड करते, आणि मग ऑक्सिजन देऊनही दाब पूर्ण उतरत नाही.